‘ब्रिस्क’चा आकडा कमी आला म्हणजे फोटो खरंच सुधारला का?

जुने, पिवळे पडलेले फोटो स्कॅन करून ‘सुधारून’ देणारी ॲप आणि टूल आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या स्टुडिओतही हेच काम चालतं. दोन टूलमधलं कोणतं चांगलं, हे सांगताना हल्ली फोटोचा दर्जा मोजणारा एक आकडा पुढे केला जातो: ‘आमचा ब्रिस्क स्कोअर सर्वांत कमी.’ तक्त्यात मूळ फोटोचा आकडा मोठा असतो, स्पर्धकांचा त्याहून लहान आणि जाहिरातदाराचा सगळ्यांत लहान. आकडा यंत्रानं काढलेला असतो, म्हणून वाचणारा तो निःपक्ष मानतो.

आकडा निःपक्ष असतो हे खरं. मात्र तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न आपला नसतो. हा घोटाळा नेमका कुठे होतो, हे एका फोटोच्या आधारे पाहू.

समजा, घरात एक कृष्णधवल फोटो आहे, साडेतीन बाय पाच इंचांचा. झिरो माइलच्या दगडी खांबापाशी कुटुंब उभं आहे, मागे मोकळं आकाश आहे. खांबाजवळच्या दगडावर गावांची नावं आणि अंतरं कोरलेली आहेत, पण फोटोत ती पुसट दिसतात. प्रिंट फिकट झाली आहे. आपण ती ६०० डीपीआयवर स्कॅन केली, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके. फाइल झाली साधारण ३००० बाय २१०० पिक्सेलची. मग हीच फाइल चार वेगवेगळ्या टूलमधून काढली आणि चौघांचा ब्रिस्क तपासला. लहान आकडा आला ते टूल जिंकलं, असं म्हणता येईल का?

## मूळ फोटो नसताना दर्जा मोजायचा कसा?

फोटोचा दर्जा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत हाताशी अस्सल, निर्दोष प्रत असते. बिघडलेली किंवा सुधारलेली प्रत तिच्याशी ताडून फरक काढायचा. दुसरीत अशी प्रत नसतेच. समोर एकच फोटो असतो आणि त्याच्याकडे पाहूनच गुण द्यायचे असतात. या दुसऱ्या पद्धतीला आपण ‘संदर्भाविना मापन’ म्हणू. ब्रिस्क हे त्यातलं सर्वांत रुळलेलं माप. अनिश मित्तल, अनुश मूर्ती आणि ॲलन बोविक यांनी ते टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेत तयार केलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. आकडा साधारण ० ते १०० च्या दरम्यान असतो, आणि जितका कमी तितका चांगला.

बोर्डाच्या पेपरांचा एक परीक्षक डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे प्रश्नपत्रिका नाही, आदर्श उत्तरंही नाहीत. आहेत फक्त उत्तरपत्रिका आणि हस्ताक्षराची उत्तम पारख. कुठे शाई फुटली, कुठे अक्षर थरथरलं, कुठे पान ओलं झालं, हे तो अचूक सांगेल. उत्तर बरोबर आहे का, हे मात्र त्याला कळायला मार्ग नाही. ब्रिस्क हा तसा परीक्षक आहे, आणि त्याची पारख खरोखर चांगली आहे. अडचण येते ती आपण त्याच्या गुणांना उत्तराचे गुण समजतो तेव्हा.

## आत नेमकं काय मोजलं जातं?

ब्रिस्कला चेहरा, झाड, दगड असं काही ओळखता येत नाही. तो आधी फोटो कृष्णधवल करून घेतो आणि प्रत्येक पिक्सेलभोवती सात बाय सातची छोटी चौकट धरतो. त्या चौकटीत दोन गोष्टी काढतो. पहिली, सरासरी उजेड. दुसरी, पसारा, म्हणजे चौकटीतले पिक्सेल सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत. मग पिक्सेलच्या उजेडातून सरासरी वजा करायची आणि उरलेल्या फरकाला ‘पसारा अधिक १’ नं भागायचं.

आपल्या फोटोत करून पाहू. उजेड ० ते २५५ मध्ये मोजतात. दगडाच्या खडबडीत भागात सरासरी १०० आहे, पसारा २० आहे आणि मधला पिक्सेल १२० आहे. फरक २०, त्याला २१ नं भागलं की ०.९५. आता आकाश घ्या. तिथे सरासरी १८०, पसारा फक्त २ आणि पिक्सेल १८२. फरक २, त्याला ३ नं भागलं की ०.६७.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या भागाकारावर उभं आहे. दगडातला उठाव आकाशातल्या बारीक ग्रेनच्या दहापट होता, पण भागाकारानंतर तो दीडपटही उरला नाही. म्हणजे हे माप मोठ्या उठावाला दाबतं आणि बारीक दाणेदारपणाला मोठं करतं. असं करण्यामागे कारण आहे. मानवी डोळाही काहीसं असंच करतो. शिवाय, कॅमेऱ्यानं टिपलेल्या निसर्गातल्या, रस्त्यातल्या, माणसांच्या चांगल्या फोटोंवर हा हिशोब केला, तर मिळालेल्या आकड्यांचा आलेख ठरावीक घंटेसारखा आकार घेतो. फोटो कशाचाही असो, आकार जवळपास तोच राहतो. फोटो धूसर झाला की आलेख शून्याशी टोकदार होतो आणि खरखर, म्हणजे विखुरलेले नको ते ठिपके, वाढली की तो फुगतो. या आलेखाच्या आकारातून बिघाड ओळखायचा, ही ब्रिस्कमागची मूळ कल्पना. माझ्या मते ती अतिशय सुंदर आहे.

आलेखाचा आकार दोन आकड्यांत पकडला जातो. त्याखेरीज शेजारच्या पिक्सेलची किंमत एकमेकींशी गुणून, आडवी, उभी आणि दोन तिरप्या अशा चार दिशांनी, प्रत्येकी चार आकडे काढतात. हे झाले एकूण १८. मग फोटो लांबी-रुंदीला निम्मा करून तेच पुन्हा, म्हणजे ३६. ब्रिस्कच्या दृष्टीनं तुमचा फोटो म्हणजे हे ३६ आकडे, बाकी काही नाही.

## ३६ आकड्यांवरून गुण कसे ठरतात?

हे शिकवावं लागलं. त्यासाठी त्याच विद्यापीठाचा ‘लाइव्ह’ नावाचा फोटोसंग्रह वापरला. त्यात २९ चांगले मूळ फोटो आहेत आणि त्यांना मुद्दाम बिघडवून केलेल्या ७७९ प्रती. प्रत किती खराब वाटते, याचे गुण माणसांनी दिलेले होते. ३६ आकडे आणि माणसांचे गुण यांचा मेळ यंत्राला शिकवला गेला, आणि आता नवा फोटो दिला की ते अंदाज करतं.

बिघाड किती प्रकारचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फक्त पाच: फाइल लहान करण्यासाठी जेपेगचं दाबणं, जेपेग २००० चं दाबणं, खरखर, धूसरपणा आणि वायरलेसवरून पाठवताना डेटा गळाल्यानं येणारे दोष. आपल्या परीक्षकानं वाईट हस्ताक्षराचे एवढेच पाच नमुने पाहिले आहेत.

या यादीत काय नाही ते पाहा. फिकट पडलेली प्रिंट नाही. पिवळटपणा नाही. कडांना अती धार दिल्यावर त्यांच्याभोवती उमटणारी पांढरी किनार नाही. मेणासारखी गुळगुळीत झालेली त्वचा नाही. नसलेला तपशील रचून घालणं तर नाहीच. म्हणजे सुधारणा करणारी टूल ज्या चुका करतात, त्या चुका मुद्दाम वाईट म्हणून या मापाला कधी दाखवल्याच गेल्या नाहीत. बिघाड ओळखायला शिकलेलं माप आपण सुधारणा तोलायला वापरतो.

## आता आपला झिरो माइलचा फोटो चार टूलमधून काढू

पहिलं टूल साधं आहे. ते फक्त उजेड-अंधारातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, दुप्पट करतं. फिकट प्रिंटला खरी गरज याचीच असते. दगड उठून दिसतो, साडीची किनार दिसू लागते, घरातले सगळे खूश होतात. ब्रिस्कच्या हिशोबात काय झालं? दगडातला फरक आणि पसारा २० चे ४० झाले. ४० भागिले ४१ म्हणजे ०.९८. आधी ०.९५ होतं, म्हणजे बदल नावापुरता. आकाशात २ चे ४ झाले. ४ भागिले ५ म्हणजे ०.८०. तिथे आधी ०.६७ होतं. डोळ्याला दगड सुधारलेला दिसला, मापाला दगडात काही घडलेलं दिसलंच नाही. त्याला मुख्यतः आकाशातली ग्रेन वाढलेली जाणवली. खरखर हा त्याला शिकवलेल्या पाच दोषांपैकी एक, म्हणून योग्य उपचार करणाऱ्या टूलचे गुण बिघडण्याची पूर्ण शक्यता आहे.

दुसरं टूल आकाश गुळगुळीत करतं, सोबत चेहरेही. आकाशातला फरक आणि पसारा २ वरून ०.५ वर आले, ०.५ भागिले १.५ म्हणजे ०.३३. आलेख टोकदार झाला, ब्रिस्कला धूसरपणा दिसला आणि आकडा वाढला. इथवर माप बरोबर वागलं. पण या टूलच्या कर्त्यानं शेवटी एक पायरी जोडली: गुळगुळीत झालेल्या फोटोवर सगळीकडे हलकी कृत्रिम ग्रेन भुरभुरवायची. आकाशातला फरक आता ३, म्हणजे ३ भागिले ४, ०.७५. आलेख पुन्हा फुगला आणि नैसर्गिक फोटोच्या जवळ गेला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या त्या गेल्याच, त्यातली एकही परत आली नाही, तरी गुण सुधारू शकतात.

हे स्वतः तपासता येतं. त्यासाठी पायथनचं `opencv-contrib-python` हे पॅकेज लागतं आणि ओपनसीव्हीच्या `opencv_contrib` रिपॉझिटरीत मिळणाऱ्या, ‘लाइव्ह’वर शिकवलेल्या दोन फाइली:

```python
import cv2, numpy as np
M, R = "brisque_model_live.yml", "brisque_range_live.yml"
img = cv2.imread("tool_2.png")
print(cv2.quality.QualityBRISQUE_compute(img, M, R)[0])

n = np.random.normal(0, 3, img.shape[:2])[..., None]
g = np.clip(img + n, 0, 255).astype("uint8")
print(cv2.quality.QualityBRISQUE_compute(g, M, R)[0])
```

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला, तर काय घडलं ते बघा. आपण फोटोत निव्वळ निरर्थक खरखर घातली आणि माप म्हणालं, फोटो सुधारला. मग त्या फोटोपुरता या मापावर टूलचा क्रम लावता येत नाही. ३ ऐवजी १, २, ५ घालूनही पाहावं. कोणताही तक्ता करण्याआधी ही चाचणी करावी, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं टूल न दिसणारा तपशील रचतं. हजारो चेहरे आणि अक्षरं पाहून ते शिकलेलं असतं. आजीच्या पुसट चेहऱ्यावर ते स्वच्छ पापण्या, नेमके ओठ, गुळगुळीत गाल बसवतं. कडा धारदार, त्वचा नैसर्गिक, खरखर नाही. ब्रिस्कला तक्रारीला जागाच नाही. पण ती बाई आजी राहिली का? मापाला आजी माहीतच नाही. त्या जागी दुसऱ्या कुणाचा तितकाच स्पष्ट चेहरा चिकटवला, तरी त्याला फरक कळणार नाही.

यात क्षेत्रफळाचा हिशोबही आहे. आलेख सगळ्या पिक्सेलचा मिळून बनतो आणि प्रत्येक पिक्सेलला एकच मत असतं. आपल्या स्कॅनमध्ये ६३ लाख पिक्सेल आहेत. चेहरा १२० बाय १५० धरला, तर १८ हजार, म्हणजे हजारात तीनसुद्धा नाहीत. आकाश निम्मा फोटो व्यापत असेल तर त्याची मतं तीस लाखांच्या वर. घरच्यांसाठी अख्खा फोटो म्हणजे तो चेहरा, मापासाठी अख्खा फोटो म्हणजे आकाश.

झिरो माइलच्या दगडावरची अक्षरं इथे चांगली साक्ष देतात. स्कॅनमध्ये एखादं अक्षर आठ-दहा पिक्सेल उंच आहे आणि नीट वाचता येत नाही. तिसरं टूल तिथे ठसठशीत अक्षरासारखे आकार काढून देतं. ते खरे की रचलेले, हे ठरवायला विधानभवनाजवळ जाऊन प्रत्यक्ष दगड वाचावा. बरेचदा अशा आकारांतून कोणत्याच लिपीतलं अक्षर निघत नाही. जिथे अक्षरं रचली, तिथे त्याच टूलनं चेहऱ्यात काय केलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. कोरीव पाटी, दुकानाचा बोर्ड, गाडीचा नंबर असं काही पडताळता येण्यासारखं जुन्या फोटोत असेल, तर आधी तिकडे पाहावं.

चौथं टूल फोटो रंगीत करतं. त्याबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण ब्रिस्क रंग पाहतच नाही, तो आधीच कृष्णधवल करून घेतो. हिरवी साडी जांभळी झाली, चेहरा निळसर झाला, तरी उजेड तोच राहिला तर आकडा जवळपास तोच येणार. रंगीत करणाऱ्या टूलच्या तक्त्यात ब्रिस्क दिसला, तर तो त्या कामाबद्दल काहीही सांगत नाही.

## फाइलचा आकार बदलला की आकडाही बदलतो

चौकट कायम सात बाय सात पिक्सेलचीच असते, फोटो केवढाही असो. एका टूलनं फोटो तेवढाच ठेवला आणि दुसऱ्यानं लांबी-रुंदीला चौपट मोठा केला, तर दुसऱ्याच्या फाइलमध्ये त्याच चौकटीत दृश्याचा सोळावा हिस्साच मावतो. मोठा केलेला फोटो पिक्सेलच्या पातळीवर मऊ असतो, म्हणून त्याला धूसरपणाचे वाईट गुण मिळू शकतात. उलट एखादा धूसर फोटो नुसता लहान करून सेव्ह केला, तरी तो पिक्सेलच्या पातळीवर धारदार होतो आणि आकडा सुधारू शकतो. त्यात तपशील वाढलेला नसतो, कमीच झालेला असतो.

म्हणून तुलना करायची तर सगळ्यांची फाइल एकाच आकाराची, एकाच जागी कापलेली आणि एकाच प्रकारे सेव्ह केलेली हवी. एकाची पीएनजी आणि दुसऱ्याची व्हॉट्सॲपवरून आलेली जेपेग, असं चालत नाही. स्कॅनच्या कडेला आलेली पांढरी पट्टीही आधी कापून टाकावी. त्या सपाट भागाचीही मतं मोजली जातात.

मोजणारा प्रोग्रॅमही एकच हवा. वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये कृष्णधवल करण्याची आणि निम्मं करण्याची रीत थोडी वेगळी असते, त्यामुळे त्याच फोटोचे आकडे वेगळे येतात. फोटोचा उजेड ० ते २५५ ऐवजी ० ते १ मध्ये दिला, तर ‘अधिक १’ हा भाजक एवढा जड होतो की सगळ्या किमती शून्याजवळ जमा होतात आणि आकडा निरर्थक ठरतो. आकडा विचित्र आला की आधी हे पाहावं.

## ‘दोन-तीन गुणांचा फरक तरी काही सांगतोच ना?’

ते आधी मोजून पाहावं लागेल. एकाच टूलचा एकच फोटो घ्या. तो दहा पिक्सेल डावीकडून कापा आणि मोजा. मग वरून कापा आणि मोजा. जेपेग ९५ दर्जावर सेव्ह करा आणि मोजा. डोळ्याला या सगळ्या प्रती सारख्याच दिसतात, पण आकडे थोडे हलतात. ते जेवढे हलतात, तेवढ्या फरकाला दोन टूलच्या तुलनेत अर्थ नाही. जाहिरातीतल्या तक्त्यात दशांशानंतरचे दोन अंक दिलेले असतात, पण ही हालचाल किती होती हे लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.

## ‘एका फोटोवर चुकेल, पण हजार फोटोंची सरासरी काढली तर?’

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर अर्धं होकारार्थी आहे. कापण्यानं, सेव्ह करण्यानं होणारी उलटसुलट हालचाल सरासरीत विरून जाते. एकाच बाजूला झुकणारी चूक मात्र विरत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवणं दिसत नाही, ते हजार फोटोंतही दिसणार नाही. रचलेला चेहरा पकडला जात नाही, तो हजारांतही पकडला जाणार नाही. उलट सरासरीमुळे आकडा स्थिर दिसतो आणि चुकीच्या निष्कर्षावरचा विश्वास वाढतो.

एखाद्या टूलचे कर्ते ब्रिस्क पाहूनच त्याची बटणं फिरवत असतील, तर त्यांचं टूल हळूहळू त्या ३६ आकड्यांना खूश करायला शिकतं. अशा टूलची त्याच मापावर दुसऱ्यांशी तुलना करणं म्हणजे निकाल आधीच ठरवून ठेवणं.

## ‘मग नवी मापं वापरू’

ब्रिस्कनंतर त्याच प्रयोगशाळेतून २०१३ मध्ये एनआयक्यूई आलं. त्याला माणसांचे गुण लागत नाहीत. चांगल्या फोटोंच्या आकडेवारीपासून तुमचा फोटो किती दूर आहे, एवढंच ते सांगतं. पाच बिघाडांचं बंधन त्यामुळे सुटलं. पण तिथेही सुरुवात त्याच भागाकारानं होते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट आणि ग्रेनची अडचण बरीचशी तशीच राहते. त्यानंतर न्यूरल नेटवर्कवर चालणारी मापं आली. ती अख्खं दृश्य पाहतात, रंगही पाहतात, आणि मेणचट त्वचेसारख्या काही गोष्टी चांगल्या ओळखतात. त्यांतल्या अनेकांत आकडा जास्त तो चांगला असतो, ब्रिस्कच्या उलट. तक्ता वाचताना हे विसरलं की निकाल उलटा वाचला जातो.

पण यांपैकी कोणाकडेही मूळ दृश्य नाही. आजी कशी दिसायची हे यांतल्या एकाही मापाला कळू शकत नाही, मग ते कितीही नवं असो.

## तर मग तुलना करायची कशी?

सगळ्यांत भक्कम उपाय म्हणजे मूळ प्रत असलेली परिस्थिती स्वतः तयार करणं. आपल्याच कुटुंबाचा एक चांगला, अलीकडचा फोटो घ्या. तो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट कमी करा, थोडा धूसर करा, ग्रेन घाला. प्रिंट काढून ती त्याच स्कॅनरवर स्कॅन केली तर अधिक चांगलं, कारण कागदाचा पोतही त्यात येतो. ही बिघडवलेली प्रत सगळ्या टूलना द्या. आता प्रत्येकाचं उत्तर मूळ फोटोशी ताडता येतं. त्यासाठी एसएसआयएमसारखं, दोन फोटोंची रचना एकमेकींशी जुळवणारं माप वापरावं. मूळ फोटो आणि टूलची प्रत पिक्सेलला पिक्सेल जुळवून ठेवल्याशिवाय मात्र ते माप फसतं. हा आकडा पूर्ण फोटोवर काढा आणि फक्त चेहऱ्यांच्या चौकटींवर वेगळा काढा, कारण दोन्हींचा निकाल वेगळा येऊ शकतो.

ज्याची मूळ प्रत नाही त्या जुन्या फोटोसाठी दुसरी चाचणी आहे. टूलनं मोठा केलेला फोटो पुन्हा मूळ स्कॅनच्या आकाराला लहान करा आणि स्कॅनशी ताडा. दोघांतला फरक चित्र म्हणून काढा. फरकाच्या चित्रात डोळ्यांचा, नाकाचा, जबड्याचा आकार उमटला, तर टूलनं स्कॅनमध्ये होतं ते बदललं आहे. पण ही चाचणी एका बाजूनंच बोलते. लहान केल्यावर एकसारखे दिसणारे मोठे चेहरे अनेक असू शकतात. म्हणून इथे नापास झालेलं टूल बाद करावं, पण पास झालं म्हणजे चेहरा खरा, असं धरू नये.

उरलेलं काम माणसांचं आहे. त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिलेले दोन-तीन नातेवाईक असतील, तर चारही प्रती टूलचं नाव न सांगता, क्रम बदलून त्यांच्यासमोर ठेवा. ‘कोणता फोटो छान?’ असं विचारलं तर ते गुळगुळीत फोटोकडे बोट दाखवतील. ‘यातली आजी कोणती?’ असं विचारा.

## ब्रिस्क कुठे चांगला चालतो?

ज्या कामासाठी तो घडवला गेला, तिथे तो आजही उपयोगी आहे. लग्नाच्या अल्बमची तीनशे पानं फोननं टिपली आणि प्रत्येक पानाचे तीन-तीन फोटो काढले, तर त्यातला हात हललेला, फोकस सुटलेला किंवा जास्त दाबला गेलेला फोटो वेगळा काढायला तो वेगवान आणि बऱ्यापैकी विश्वासू आहे. तिथे दृश्य तेच असतं, कॅमेरा तोच, फाइलचा आकार तोच, आणि दोषही त्यानं पाहिलेल्या पाचांपैकीच असतात. तीनांतला सर्वांत कमी आकड्याचा फोटो ठेवा. आकडे अगदी जवळजवळ असतील तर तेवढी पानं डोळ्यांनी पाहा. स्कॅनरची काच मळली की सगळ्या स्कॅनचा आकडा सरकू शकतो, ते ओळखायलाही तो कामी येऊ शकतो.

टूलची तुलना छापायचीच असेल, तर ब्रिस्कच्या रकान्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: फाइलचा आकार, कोणता प्रोग्रॅम वापरला, आणि हलकी ग्रेन मुद्दाम घातल्यावर आकडा किती बदलला. ग्रेनमुळे झालेला हा बदल टूल-टूलमधल्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा निघाला, तर ब्रिस्कचा रकानाच काढून टाकावा.